नाशिकहून गुरुजी, एडिसनमध्ये यजमान: व्हिडिओवर वार्षिक श्राद्ध कसं करावं

अण्णा गेल्यापासून दरवर्षी त्यांचं श्राद्ध दादा करतो. दादा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी आणि आई नाशिकला गंगापूर रोडवर, आणि आमचे गुरुजी पंचवटीत. ही तीन ठिकाणं एका दीड तासासाठी जुळवण्याचं काम माझ्याकडे असतं. पहिल्या वर्षी आमच्या दोन-तीन मोठ्या चुका झाल्या. तेव्हापासून ओळखीची बरीच कुटुंबं मला विचारायला लागली, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे. हे वार्षिक श्राद्धापुरतंच आहे. सत्यनारायण किंवा वास्तुशांतीला वेळेची एवढी अडचण नसते. आणि त्र्यंबकेश्वरचे नारायण नागबळीसारखे विधी यजमानाने स्वतः तिथे येऊनच करायचे असतात. ते कोणी ऑनलाइन करून देतो म्हणालं, तर पैसे देऊ नका.

आधी ठरवा: कर्ता कोण आणि तो कुठे बसणार

ऑनलाइन श्राद्ध दोन प्रकारे होतं. एकात गुरुजी रामकुंडावर किंवा स्वतःच्या घरी सगळं करतात आणि परदेशातला मुलगा संकल्पापुरता बोलून बाकीचं बघतो. दुसऱ्यात मुलगा स्वतःच्या घरी पाटावर बसून स्वतःच्या हाताने पिंड देतो आणि गुरुजी नाशिकहून मंत्र सांगतात. तिथी, वेळ, सामान, कॅमेरा हे सगळं या निवडीवर ठरतं, म्हणून गुरुजींना पहिला फोन करण्याआधीच घरात हे बोलून घ्या. आम्ही दुसरा प्रकार निवडला. दादाचं म्हणणं सरळ होतं, "अण्णांना पाणी मी द्यायचं, तर हात माझेच पाहिजेत." मलाही तेच पटतं. ज्याला घरी अजिबात जमणार नाही, हॉस्टेलवर किंवा प्रवासात आहे, त्याच्यासाठी पहिला प्रकार आहे. पुढचं सगळं दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

परदेशात जेवायला बसणारे ब्राह्मण मिळणं कठीण. त्यावर आपल्याकडे जुनी सोय आहे, ती म्हणजे चटश्राद्ध. ब्राह्मणांच्या जागी दर्भाचे चट मांडायचे आणि त्यांनाच आसन, गंध, पान द्यायचं. गुरुजींना फोन करताना "चटावर, पिंडदानासह" एवढं सांगितलं की त्यांना लगेच कळतं.

तिथी आणि घड्याळ

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

तिथी जगभर एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते. त्या क्षणी तिथल्या घड्याळात किती वाजलेत, एवढाच फरक असतो. वार्षिक श्राद्ध पार्वण पद्धतीचं, म्हणजे तीन पिढ्यांना पिंड देऊन करायचं असतं, आणि त्यासाठी तिथी अपराह्णकाळी हवी. दिवसाचे, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे, पाच सारखे भाग केले की चौथा भाग अपराह्ण. आणि हा सूर्योदय कर्ता जिथे बसला आहे तिथला धरायचा, गुरुजी जिथे बसलेत तिथला नाही. त्यामुळे नाशिकच्या पंचांगातली तारीख जशीच्या तशी अमेरिकेला कळवली की अनेकदा एक दिवस चुकतो.

आमचंच उदाहरण घ्या. अण्णांची तिथी कार्तिक शुद्ध सप्तमी. समजा पंचांगात सप्तमी रविवारी रात्री ९ वाजून १० मिनिटांनी लागते आणि सोमवारी संध्याकाळी ७ वाजून ५० मिनिटांनी संपते. नाशिकला श्राद्ध सोमवारी. आता हेच न्यू जर्सीच्या घड्याळात बसवा. हिवाळी वेळेत ते आपल्यामागे साडेदहा तास असतात. म्हणजे तिथे सप्तमी रविवारी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी लागते आणि सोमवारी सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी संपूनही जाते. सोमवारच्या अपराह्णात तिथे सप्तमी नाहीच. दादाचं श्राद्ध रविवारी.

आता अपराह्ण काढा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे सूर्य साधारण साडेसहाला उगवतो आणि पाचला दहा कमी असताना मावळतो. दिवस झाला दहा तास वीस मिनिटांचा, त्याचा पाचवा भाग दोन तास चार मिनिटं. असे तीन भाग संपले की दुपारचे १२ वाजून ४२ मिनिटं होतात आणि चौथा भाग २ वाजून ४६ मिनिटांपर्यंत चालतो. दादाने पावणेएकला बसायचं. तेव्हा नाशिकला रविवार रात्रीचे सव्वाअकरा.

"रात्री श्राद्ध होत नाही ना?" आईने काळजीने विचारलं होतं. गुरुजी म्हणाले, "आई, पिंड देणाऱ्याच्या डोक्यावर सूर्य हवा. मी नुसता सांगणारा." हे गुरुजींशी आधी बोलून घ्याच. काही गुरुजी रात्री बसायला तयार नसतात आणि तो त्यांचा नेम असेल, तर त्यांना आग्रह करू नये. अशा वेळी रात्री बसणारे दुसरे गुरुजी शोधावेत. मुलाला पहाटे चारला उठवून पिंड द्यायला लावणं हा त्यावरचा उपाय नाही.

घड्याळातला आणखी एक खड्डा आहे, त्यात आम्ही पडलोच. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यामागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्नियाला साडेबारा आणि साडेतेरा. पहिल्या वर्षी श्राद्धाचा रविवार नेमका घड्याळ मागे जाण्याचा निघाला आणि मी आदल्या दिवशीच्या हिशेबाने गुरुजींना सव्वादहाची वेळ दिली. गुरुजी सोवळं नेसून तासभर बसून राहिले, एका शब्दाने बोलले नाहीत. मला मात्र अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी वेळ कळवताना दोन्ही गावं, वार आणि वेळ एकाच ओळीत लिहिते: "एडिसन रविवार दुपारी १२:४५, नाशिक रविवार रात्री ११:१५." आणि दादाकडून तेवढंच परत लिहून मागते.

तिकडची मंडळी मोबाइलवरचं पंचांग बघतात, तिथे एक सेटिंग तपासायला सांगा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतातला पौर्णिमेला. ॲपमध्ये पौर्णिमान्त पद्धत लावलेली असेल तर वद्य पक्षातल्या तिथीला पुढच्या महिन्याचं नाव दिसतं. आपली भाद्रपद वद्य तिथी तिथे आश्विन कृष्ण म्हणून दिसेल. शुद्ध पक्षात हा फरक पडत नाही.

गुरुजींना काय कळवायचं

गुरुजी ठरवताना महिनाभर आधी बोला. पितृपक्षात तर नाशिकच्या गुरुजींना श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात त्याहून नसेल. बोलल्यावर एक निरोप लिहून पाठवा. त्यात कर्त्याचं नाव, गोत्र, घराण्याची शाखा (आमची यजुर्वेदी माध्यंदिन), ज्यांचं श्राद्ध आहे त्यांचं आणि त्यांच्या वडील-आजोबांचं नाव असावं. वडिलांच्या श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशा तिघांना पिंड असतात, म्हणून तिन्ही नावं लागतात. नावं कागदोपत्री असतात तीच द्या. आमच्या अण्णांचं खरं नाव नातवंडांना माहीतच नव्हतं.

पणजोबांचं नाव घरात कोणालाच आठवत नसेल तर पंचवटीत चौकशी करा. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या असतात. पूर्वी आपल्यापैकी कोणी गोदेवर येऊन गेलं असेल तर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली घराण्याची नावं तिथे सापडू शकतात. मूळ गाव आणि आडनाव सांगायचं, कोणाच्या वहीत ते गाव आहे ते मंडळीच सांगतात. मला पणजोबांचं नाव तिथेच मिळालं. मोडीतल्या त्या सहीवर बोट ठेवून मी दादाला फोटो पाठवला होता. गोत्र कळलंच नाही तर काश्यप गोत्र म्हणायची रीत आहे.

संकल्पातला देश कुठला म्हणायचा, हेही आधी विचारून ठेवा. नाशिकला आपण भरतखंड आणि गोदावरीचा तीर म्हणतो. अमेरिकेत बसलेल्या कर्त्याने तेच म्हणणं बरोबर नाही. तिकडचे बरेच पुरोहित क्रौंचद्वीपे, रमणकवर्षे, ऐंद्रखंडे असं म्हणतात. आमच्या गुरुजींनी तोच पाठ घेतला आणि पुढे गावाचं नाव घातलं.

सामान: काय, किती, कुठून

यादी गुरुजींकडून घ्या, पण ती जशीच्या तशी पुढे पाठवू नका. प्रत्येक वस्तूचा फोटो सोबत जोडा. "माका" म्हटल्यावर दादाला काही कळेना. तो तिथे मिळालाही नाही, गुरुजींनी तुळशीवर भागवलं.

तिथे हवं ते असं: दर्भाची एक जुडी, काळे तीळ वाटीभर, देवांच्या पूजेसाठी मूठभर जव, तांदूळ, तूप, मध, तुळशीची पानं, पांढरी फुलं, उगाळलेलं गंध, दोन जानवी, पाच-सात सुपाऱ्या, विड्याची पानं, सुटी नाणी, समई किंवा निरांजन, उदबत्ती. भांड्यांत ताम्हन, तांब्या, पळी-पंचपात्र, एक रिकामं मोठं पातेलं आणि पाच पत्रावळी किंवा केळीची पानं. लाल फुलं आणि कुंकू मात्र घेऊ नका. एडिसनजवळ ओक ट्री रोडवर हे जवळजवळ सगळं मिळतं. लहान गावात राहणाऱ्यांनी दर्भ आणि जव तीन आठवडे आधी मागवावेत.

इथून पाठवायचा मोह होतो, तो आवरा. अमेरिकेच्या कस्टम्सला बिया आणि वनस्पतीची प्रत्येक गोष्ट जाहीर करावी लागते, आणि भारतातून आलेल्या प्रवाशाच्या सामानातून तांदूळ नेऊच देत नाहीत. कोणी जाणारं असेल तर जानवी आणि ताम्हन-पळी द्या. ती निर्धोक जातात.

आता तांदळाबद्दल. घरात बासमती असतो म्हणून दादाने पहिल्या वर्षी बासमतीचा भात केला. तो मोकळा, फडफडीत. पिंड वळायला घेतला की हातात फुटायचा. गुरुजी इकडून "घट्ट दाबा, घट्ट दाबा" म्हणत होते आणि दादाच्या कपाळावर घाम. पिंडासाठी चिकट होणारा तांदूळच हवा. इंद्रायणी मिळाला तर उत्तम, नाहीतर सोना मसुरी जरा जास्त पाणी घालून आसट शिजवावी. मीठ घालायचं नाही. एक वाटी तांदळाच्या भातात लिंबाहून थोडे मोठे तीन पिंड होऊन बाकीच्या बळींनाही उरतो. भात कोमट असताना त्यात तीळ, तूप, मध घालून मळावा. गार झाला की तोही फुटतो, म्हणून बसायच्या अर्धा तास आधी कुकर उतरवायचा.

वाळका दर्भ वाकवला की तुटतो. आदल्या रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला की पवित्रकं आणि चट नीट वळता येतात. चट कसे करायचे ते गुरुजींनी इथे करून दाखवलं, मी त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठवला. दादाने आदल्या रात्रीच सगळे करून ठेवले.

स्वयंपाक वहिनी करते: खीर, उडदाचे वडे, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी, कांदा-लसूण नाही. विधीला प्रत्येक पदार्थ पानावर थोडा थोडा पुरतो. तिथे सगळ्यांना ऑफिस असतं, तेव्हा पंधरा पदार्थांचा हट्ट आपण इथून धरू नये.

कॅमेरा आणि आवाज

तीन दिवस आधी पंधरा मिनिटांची तालीम घ्याच. यजमानाला पाटावर बसवा आणि मोबाइलच्या होकायंत्रावर दक्षिण शोधून जमिनीवर खडूने खूण करा. पितरांचं काम दक्षिणेकडे तोंड करून होतं, देवांचं पूर्वेकडे. फोन समोर उभा केला तर गुरुजींना फक्त चेहरा दिसतो. त्यांना बघायचे असतात हात. म्हणून फोन स्टँडवर, यजमानाच्या डाव्या बाजूला, छातीच्या उंचीवर, थोडा खाली झुकवून लावायचा. ताम्हन, दोन्ही हात आणि खांद्यावरचं जानवं एकाच चित्रात आलं पाहिजे.

सव्य आणि अपसव्य यात फार गोंधळ होतो. देवकार्याला जानवं डाव्या खांद्यावर, पितृकार्याला उजव्या. पडद्यावर समोर बसलेल्या माणसाचा उजवा खांदा आपल्याला आपल्या डाव्या हाताला दिसतो, आणि स्वतःचं चित्र मात्र आरशासारखं उलटं. गुरुजी "माझ्यासारखं करा" म्हणाले की यजमान हटकून उलट करतो. आम्ही गुरुजींना विनंती केली की दरवेळी खांद्याचं नाव घ्या. आणि दादाच्या उजव्या मनगटाला दोरा बांधला, म्हणजे "दोऱ्याच्या बाजूला" म्हटलं की पुरतं. पाणी सोडतानाही तेच: देवांना बोटांच्या टोकांवरून, पितरांना उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून. हे तालमीत दोनदा करून घ्या.

आवाज एक-दीड सेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे बरोबरीने मंत्र म्हणताच येत नाहीत. गुरुजींनी तीन-चार शब्द म्हणून थांबायचं, यजमानाचं म्हणून झालं की पुढे जायचं. याने एका तासाचं काम दीड तासावर जातं, तेवढा वेळ धरून ठेवा. झूम वापरत असाल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये `Original sound for musicians` चालू करा. नाहीतर एका सुरातलं लांब पठण त्याला गोंगाट वाटतं आणि मधले शब्द गिळले जातात. झूमची फुकटची बैठक ४० मिनिटांत बंद होते, गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असले तर ६० मिनिटांत. नेमकं दुसऱ्या पिंडाला चित्र जायला नको, म्हणून एका महिन्याचे पैसे भरा किंवा व्हॉट्सॲपवर करा. दुबईत कोणी सामील होणार असेल तर तिथे व्हॉट्सॲप कॉल चालत नाही, त्यांच्यासाठी झूमच बरं.

कनेक्शन तुटलं तर काय करायचं हेही आधी ठरवून ठेवा. आमचा नेम असा: चित्र गेलं की दादाने हातातलं खाली न ठेवता तसंच थांबायचं, मी साधा फोन लावून गुरुजींचा आवाज स्पीकरवर देते आणि शेवटचं वाक्य पुन्हा म्हणून पुढे जायचं. अंदाजाने पुढचं करून टाकायचं नाही.

बाकीच्यांनी काय करायचं

यजमान आणि गुरुजी सोडून सगळ्यांचे माइक बंद. हे सांगणारा एक माणूस हवा, आमच्याकडे ते माझं काम. बसण्यापूर्वी पाच मिनिटं बोलून घ्या, "कसे आहात" तेव्हाच. एकदा आचमन झालं की गप्पा नाहीत. आई इथे अण्णांच्या फोटोसमोर तुळशीपत्र घेऊन बसते आणि शेवटी नमस्काराच्या वेळी गुरुजी एकेकाचं नाव घेतात, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या घरी हात जोडायचे. रेकॉर्डिंग करायचं तर गुरुजींना विचारून, आणि ते घरातच ठेवायचं. दक्षिणेच्या वेळी दादा तिथल्या नाण्यावर तुळशीपत्र ठेवून पाणी सोडतो आणि ठरलेली रक्कम मी इथून गुरुजींना लगेच पाठवते. ती आधी ठरवा, रात्री बसण्याचं वेगळं धरा.

तिकडच्या घरात धूर झाला की वाजणारा भोंगा असतो, तो लक्षात ठेवा. एक उदबत्ती, एक निरांजन आणि उघडी खिडकी एवढ्यावर भागतं. भोंग्याचा सेल काढून ठेवू नका. काकबळी अंगणात ठेवायचा. न्यू जर्सीतही कावळे आहेत, नाही आले तर अर्ध्या तासाने आत यायचं. पिंड तिथल्या तलावात किंवा बागेतल्या ओढ्यात सोडू नयेत, त्याला बहुतेक ठिकाणी मनाई असते. गुरुजींच्या सांगण्यावरून दादा ते परातीतल्या पाण्यात विसर्जित करतो आणि ते पाणी मागच्या अंगणात झाडाखाली खड्डा करून ओततो.

इथे आम्ही सोमवारी, नाशिकच्या तिथीला, गुरुजींना शिधा देतो: तांदूळ, डाळ, पीठ, तूप, गूळ, भाजी आणि वर दक्षिणा. आई गाईला घास देते. मग दादाला फोन लावते आणि विचारते, खीर कशी झाली होती.